हप्ता कमी होणार, असं पत्रकात कुठे लिहिलंय?

*मी वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघते. आम्ही चाळीसेक माणसं आहोत. शेठनी सांगितलंय की रिझर्व्ह बँकेचं पतधोरण आलं की सगळ्यांना समजेल असं एक पान लिहून नोटीस बोर्डावर लावत जा. नमुना म्हणून मी जून २०२५चं पत्रक घेतलं. आधी प्रत्येक परिच्छेद सोपा करून लिहिला, तर तीन पानं झाली आणि कोणी वाचली नाहीत. मग 'व्याज अर्धा टक्का कमी झालं, हप्ते कमी होणार' एवढंच लिहिलं. तर मशीन शॉपमधले एक काका म्हणाले, माझा हप्ता आहे तेवढाच आहे. दुसऱ्या एकीने विचारलं, आता एफडी मोडू का? शेठ म्हणतात थोडक्यात लिही, आणि मला भीती वाटते की काही गाळलं तर ते चुकीचं होईल. शिवाय दर एवढा कमी केला आणि त्याच दिवशी धोरणाचा पवित्रा 'उदार'वरून 'तटस्थ' केला, हे मला स्वतःलाच कळलेलं नाही. मग दुसऱ्यांना काय समजावणार? — एक वाचक, वडोदरा*

तुमच्या काकांचा हप्ता आहे तेवढाच आहे, आणि रिझर्व्ह बँकेचं पत्रकही खरं आहे. या दोन गोष्टींमध्ये भांडण नाही. भांडण आहे ते तुमच्या दुसऱ्या कागदावरच्या शेवटच्या तीन शब्दांशी. 'हप्ते कमी होणार' हे पत्रकात नाही, ते तुम्ही घातलंत. चांगल्या हेतूने घातलंत, आणि वर्तमानपत्रांचे मथळेही तेच करतात. पण ते पत्रक तुमच्या काकांना उद्देशून लिहिलेलंच नसतं. ते बँकांना आणि रोखे बाजाराला उद्देशून असतं. काकांपर्यंत ते पोचतं त्यांच्या बँकेमार्फत, त्यांच्या कर्जाच्या करारातल्या अटीनुसार.

म्हणून अडचण अवघड शब्दांची आहे असं जे तुम्ही धरून चाललात, तिथेच मला थांबवावंसं वाटतं. शब्द सोपे करून तुमची तीन पानं झाली, कारण जे वाक्य कर्मचाऱ्यांसाठी नाहीच, तेही तुम्ही सोपं करत बसलात. गाळणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. जीडीपीच्या वाढीचे तिमाहीवार आकडे गाळले तर कोणाची फसवणूक होत नाही. 'तुमचं कर्ज रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना पैसे देते त्या दराला, जोडलेलं असेल तर' ही अट गाळली की मात्र होते. कोणतं वाक्य काढल्याने एखादा माणूस बँकेत जाऊन चुकीची गोष्ट करेल, हे स्वतःला विचारा. ते वाक्य ठेवा, बाकीच्यांवर मनात न अडखळता काट मारा.

आता जूनचंच पत्रक घेऊ. तुम्ही नमुना फार छान निवडलात, कारण पुढे काय झालं तेही आपल्याला माहीत आहे.

त्या दिवशी, म्हणजे ६ जूनला, एकापेक्षा जास्त कागद आले. पतधोरण समितीचा ठराव आणि गव्हर्नर संजय मल्होत्रा यांचं निवेदन. तुम्ही सुरुवात ठरावापासून करा. निर्णय त्यात वरच्या भागातच सापडतो. आणि वाचताना मागच्या बैठकीचा, म्हणजे एप्रिलचा, ठराव शेजारी ठेवा. निम्मा मजकूर दर वेळी जवळपास तोच असतो. जे बदललं तीच बातमी. एप्रिल आणि जून शेजारी ठेवले की दिसतं ते इतकंच: रेपो दर ६ टक्क्यांवरून ५.५० झाला, पवित्रा 'उदार'वरून 'तटस्थ' झाला, २०२५-२६च्या महागाईचा अंदाज ४ टक्क्यांवरून ३.७ वर आला, आणि गव्हर्नरांच्या निवेदनातून कळतं की बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायची रोकड, म्हणजे सीआरआर, ४ टक्क्यांवरून ३ करायचं ठरलं. वाढीचा अंदाज ६.५ टक्के होता तो तसाच राहिला. बस. एवढ्यावर तुमचं पान उभं राहतं.

रेपोबरोबर आणखी दोन दर हलतात, एक रेपोच्या पाव टक्का खाली आणि एक पाव टक्का वर. ते बँका आणि रिझर्व्ह बँक यांच्यातल्या व्यवहाराचे आहेत. ते गाळा.

'५० बेसिस पॉइंट' हे शब्द मात्र पानावर चुकूनही येऊ देऊ नका. शंभर बेसिस पॉइंट म्हणजे एक टक्का, म्हणून पन्नास म्हणजे अर्धा. पण बोर्डासमोर चहा पीत वाचणारा माणूस '५०' पाहतो आणि व्याज निम्मं झालं असं सांगत सुटतो. बँकेच्या काउंटरमागे बरीच वर्षं काढल्यामुळे हे मी अंदाजाने सांगत नाही. दर लिहिताना नेहमी 'इतक्यावरून इतका' असं लिहा. '६ टक्क्यांवरून ५.५०' यात गैरसमजाला जागाच नाही.

आता काकांकडे वळू. त्यांचा हप्ता का हलला नाही याची चार-पाच कारणं असू शकतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या दराला जोडावी लागतात. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो निवडला. अशा कर्जाचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा बदलावा लागतो. 'किमान तीन महिन्यांतून' याचा अर्थ ७ जूनला सकाळी असा होत नाही. काकांची तारीख ऑगस्टअखेरची असेल तर जुलैचा हप्ता जुन्याच व्याजाने जाणार. कर्ज त्याआधीचं असेल तर ते एमसीएलआरला जोडलेलं असू शकतं. तो दर बँकेच्या स्वतःच्या ठेवींच्या खर्चावर ठरतो, सावकाश उतरतो आणि कर्जाला सहसा सहा महिन्यांनी किंवा वर्षाने लागू होतो. अशा कर्जदाराला बँकेकडे अर्ज करून रेपोशी जोडलेल्या दरावर जाता येतं, थोडं प्रशासकीय शुल्क लागू शकतं. कर्ज गृहवित्त कंपनीचं, सहकारी बँकेचं किंवा क्रेडिट सोसायटीचं असेल तर हा २०१९चा नियम त्यांना लागूच नाही. आणि ते दुचाकीचं किंवा सोनेतारण असेल तर दर बहुधा पहिल्या दिवशीच कायमचा ठरलेला असतो.

पाचवं कारण सगळ्यात जास्त फसवतं. दर उतरला, पण हप्ता तसाच राहिला, कारण बँकेने मुदत कमी केली. वीस लाख रुपये बाकी आहेत आणि पंधरा वर्षं उरली आहेत असं धरू. साडेआठ टक्क्यांनी हप्ता साधारण १९,६९५ रुपये येतो. दर आठ टक्के झाला तर १९,११३, म्हणजे महिन्याला ५८२ रुपयांची सुटका. पण बँकेने हप्ता १९,६९५ च ठेवला तर कर्ज १८० ऐवजी १७० महिन्यांत फिटतं. शेवटचे दहा हप्ते भरावेच लागत नाहीत, आणि एकूण हिशेबात ही सुटका पहिलीपेक्षा जवळजवळ दुप्पट आहे. म्हणजे ज्याला वाटतं आपल्याला काहीच मिळालं नाही, त्यालाच कदाचित जास्त मिळालेलं असतं. ज्याला आत्ताच हातात पैसे हवेत, त्याने बँकेला हप्ता कमी करायला सांगावं. दोन्हींतलं बरोबर कोणतं, हे तुम्ही पानावर ठरवू नका. मुलीची फी भरायची असलेल्या माणसाला ५८२ रुपये आजच मोलाचे असतात.

हे सगळं पानावर लिहायचं नाही, हे सांगायला नकोच. पानावर जायचं ते एक वाक्य: 'हप्ता बदलला नसेल तर बँकेला तीन गोष्टी विचारा: माझा दर कशाला जोडलेला आहे, तो पुढच्या वेळी कधी बदलणार आहे, आणि दर उतरल्यावर माझा हप्ता कमी करता की मुदत?' एवढं विचारून आलेला माणूस तुमच्यावर चिडणार नाही.

एफडी मोडू का विचारणाऱ्या बाईंचा प्रश्न उलट्या बाजूने येतो. रेपो उतरला की बँका नव्या ठेवींचे दर खाली आणतात. आधीच ठेवलेली एफडी मात्र पावतीवर लिहिलेल्या दरानेच मुदत संपेपर्यंत चालते. म्हणजे जुनी पावती आता नव्या पावतीपेक्षा चांगली, आणि ती मोडली तर वर दंडही. त्यांनी बघायचं ते एवढंच की पावतीची मुदत कधी संपते. पाच लाखांवर अर्धा टक्का कमी म्हणजे वर्षाला अडीच हजार रुपये कमी, हे नूतनीकरणाच्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. तुमच्या त्या छोट्या कागदात ही बाजूच नव्हती. व्याज उतरणं ही कर्ज असलेल्यांसाठी एक बातमी असते आणि निवृत्तीच्या जवळ आलेल्या, ठेवींवर भिस्त ठेवणाऱ्या माणसासाठी अगदी दुसरी. 'खुशखबर' हा शब्द म्हणून वापरू नका.

पीएफचंही कोणीतरी विचारेलच. तो दर ईपीएफओचं विश्वस्त मंडळ सुचवतं आणि केंद्र सरकार मान्य करतं. २०२४-२५ साठी तो ८.२५ टक्के आहे. पीपीएफ आणि पोस्टाच्या योजनांचे दर दर तिमाहीला अर्थ मंत्रालय जाहीर करतं. रेपोशी त्यांची थेट बांधणी किती सैल आहे ते पाहा: मे २०२० मध्ये रेपो ४ टक्क्यांवर आला, फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० वर गेला, २०२५ मध्ये पुन्हा उतरला. या सगळ्या काळात पीपीएफ ७.१ टक्क्यांवरच बसून होता.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे, पवित्र्याकडे. इथे गोंधळ होतो कारण आपण दर आणि पवित्रा एकाच गोष्टीची दोन नावं समजतो. दर म्हणजे आज काय केलं. पवित्रा म्हणजे पुढच्या बैठकीत कोणकोणत्या वाटा खुल्या ठेवल्या. एप्रिलमध्ये पवित्रा उदार करताना गव्हर्नरांनी स्पष्ट सांगितलं होतं की एखादा धक्का बसला नाही तर समितीपुढे दोनच पर्याय आहेत, दर आहे तिथे ठेवणं किंवा कमी करणं. वाढवण्याचा विचार नाही. जूनमध्ये 'तटस्थ' केल्यावर तिन्ही वाटा खुल्या झाल्या: कमी, जैसे थे, किंवा वाढ.

पण मग त्याच दिवशी एवढी मोठी कपात कशाला? रस्त्यावर गाडी जोरात पुढे काढून मग ड्रायव्हरने पाय अॅक्सिलरेटरवरून उचलावा, तसं ते होतं. ब्रेकवर ठेवला नव्हता, उचलला होता. फेब्रुवारीत पाव, एप्रिलमध्ये पाव, जूनमध्ये अर्धा, असा चार महिन्यांत रेपो ६.५० वरून ५.५० वर आला होता. महागाई एप्रिलमध्ये ३.२ टक्क्यांपर्यंत उतरली होती, समितीचं उद्दिष्ट ४ टक्क्यांचं आहे, म्हणून कपातीला जागा होती. ती जागा एकदम वापरून टाकली आणि ठरावातच सांगितलं की इतक्या भराभर एक टक्का कमी केल्यावर वाढीला हातभार लावायला आता फारच थोडी जागा उरली आहे. म्हणजे बाजाराला निरोप असा की पुढच्या कपाती गृहीत धरू नका, आम्ही आकडे बघून ठरवू. समितीतही कपातीच्या आकारावर एकमत नव्हतं. सहापैकी पाच जण अर्ध्या टक्क्याच्या बाजूने होते आणि सौगत भट्टाचार्य यांचं मत पाव टक्क्याचं होतं.

यावरून तुम्ही जूनमध्ये 'आता कपात संपली' असं लिहिलं असतं तर काय झालं असतं? ऑगस्ट आणि ऑक्टोबरमध्ये दर ५.५० वरच राहिला, सगळ्यांना तुम्ही हुशार वाटला असता. आणि ५ डिसेंबरला तो ५.२५ झाला, पवित्रा तटस्थच असताना. उलट 'आणखी कपात येणार' लिहिलं असतं तर दोन बैठका कोणीतरी तुम्हाला रोज विचारलं असतं, कधी येणार? म्हणून पवित्र्याबद्दल पानावर भविष्य सांगायचं नाही, वाटा सांगायच्या: 'पुढे दर कमी, जास्त किंवा तसाच, काहीही होऊ शकतो.' वाचायला हे मिळमिळीत लागतं हे खरं. पण पत्रक तेच म्हणतं.

महागाईच्या अंदाजालाही हीच शिस्त लावा. जूनमध्ये वर्षाचा अंदाज ३.७ होता, ऑगस्टमध्ये ३.१ झाला, ऑक्टोबरमध्ये २.६, डिसेंबरमध्ये २. देशातल्या जाणकारांचा अंदाज सहा महिन्यांत एवढा हलला, तर तुमच्या पानावर त्याच्या शेजारी 'अंदाज' हा शब्द ठळक हवाच. आणखी एक. महागाई कमी झाली म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असं नाही, भाव चढायचा वेग कमी झाला. महिन्याच्या सामानाला गेल्या वर्षी १०,००० रुपये लागत असतील तर ३.७ टक्क्यांनी यंदा १०,३७० लागतील. ज्यांच्या घरचा किराणा महाग झालाय ते 'महागाई उतरली' वाचून कागद फाडतील, आणि त्यांचंही बरोबर असेल.

सीआरआर ठेवायचा की गाळायचा, यावर मी स्वतः दोन्ही बाजूंनी विचार केला. कर्मचाऱ्याचा त्याच्याशी थेट संबंध नाही. बँकेत जमलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे रिझर्व्ह बँकेकडे बिनव्याजी ठेवायचे चार रुपये, ते सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये चार टप्प्यांत तीन झाले, आणि त्यातून बँकांच्या हाती सुमारे अडीच लाख कोटी रुपये मोकळे झाले. आकडा भपकेदार आहे, म्हणून लोक तोच लक्षात ठेवतील आणि मुद्दा विसरतील. मी एक वाक्य लिहीन आणि आकडा गाळीन.

जूनसाठी मी तुमच्या जागी असते तर असं लिहिलं असतं:

रिझर्व्ह बँकेचा निर्णय, ६ जून २०२५

बँकांना रिझर्व्ह बँक थोड्या मुदतीसाठी ज्या व्याजाने पैसे देते तो रेपो दर आज ६ टक्क्यांवरून ५.५० टक्के झाला. महागाई उतरल्यामुळे आणि उद्योगधंद्यांना बळ मिळावं म्हणून हे केलं, असं बँक म्हणते. बँकांकडे कर्ज द्यायला जास्त पैसे राहावेत म्हणून आणखी एक सवलत सप्टेंबरपासून टप्प्याटप्प्याने मिळेल.

घराचं कर्ज रेपोला जोडलेलं असेल तर व्याज उतरेल, पण तुमच्या कर्जाच्या ठरलेल्या तारखेला. त्याला तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. हप्ता तोच राहून मुदत कमी झालेली असू शकते. ठरलेल्या दराच्या कर्जात बदल नाही. जुन्या एफडीत बदल नाही. नवी एफडी कमी व्याजाची मिळू शकते. पीएफ, पीपीएफ आणि पोस्टाचे दर या निर्णयाने बदलत नाहीत.

पुढे दर कमी, जास्त किंवा तसाच राहू शकतो. यंदा महागाई ३.७ टक्के राहील असा बँकेचा अंदाज आहे.

याच्याखाली बँकेला विचारायचे ते तीन प्रश्न घाला. गुजरातीत आणि मराठीत शेजारी शेजारी लावा, आणि लावण्याआधी अकाउंट्सबाहेरच्या एखाद्या माणसाला, पॅकिंगमधल्या कोणाला तरी, वाचायला द्या. 'समजलं का?' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, 'तुमच्या कर्जाचं काय होईल आणि कधी?' उत्तरात 'बँकेला विचारावं लागेल' आलं तर पान जमलं. 'पुढच्या महिन्यापासून कमी' आलं तर पान पुन्हा लिहा.

शेठशी एक गोष्ट आधीच बोलून घ्या. लघुउद्योगांची नवी बदलत्या दराची कर्जंही २०१९च्या त्याच नियमात येतात, तेव्हा कंपनीचं कॅश क्रेडिटही स्वस्त होणार हे कोणाच्या तरी लक्षात येईल, आणि मग 'कंपनीचं व्याज वाचलं, आमचा पगार?' हा प्रश्न येईल. समजा वर्षभर सरासरी साठ लाख वापरात आहेत, तर अर्ध्या टक्क्याने वर्षाला तीस हजार वाचतात. चाळीस माणसांत वाटले तर माणशी महिन्याला साडेबासष्ट रुपये. हा हिशेब तुमच्या पानावर नको, पण शेठच्या खिशात असू द्या. उत्तर त्यांनी द्यायचं आहे, तुम्ही नाही. तसंच 'मी कर्ज बदलू का' असं विचारायला कोणी आलं तर कर्जाचं मंजुरीपत्र वाचायला मदत करा, निर्णय देऊ नका, आणि त्याची बाकी किती आहे हे जेवणाच्या टेबलावर जाऊ देऊ नका.

पतधोरणाची बैठक साधारण दर दोन महिन्यांनी होते. म्हणून पानावर 'पुढच्या बैठकीपर्यंत लागू' असं लिहा, आणि पुढचं पान लावण्याच्या दिवशी, दर बदललेला नसला तरी, जुनं काढून फाइलमध्ये ठेवा.